वासुदेवाची टोपी आणि पंधराशे त्रिकोण

मोबाइलवरच्या गेममध्ये चालणारी, वळणारी, हात हलवणारी माणसं आतून पोकळ असतात. त्यांना फक्त कातडी असते आणि ती सपाट त्रिकोण एकमेकांना जोडून केलेली असते. अॅनिमेशनपटातल्या पात्राला असे लाखो त्रिकोण परवडतात, कारण तिथे एकेक चौकट तयार व्हायला तासन्‌तास लागले तरी चालतं. फोनला मात्र सगळं दृश्य सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्याने रेखाटायचं असतं. म्हणून गेममधलं पात्र मोजक्या त्रिकोणांत बसवावं लागतं. अशा मॉडेलला या धंद्यात ‘लो-पॉली’ म्हणतात.

मॉडेल करणाऱ्याने काम संपवलं की ते लगेच गेममध्ये जात नाही. आधी कुणीतरी अनुभवी माणूस ते तपासतो. तो मुख्यतः तीन गोष्टी बघतो. पात्राची बाह्याकृती, म्हणजे सिल्हूट, लांबून ओळखू येतं का? त्रिकोण सगळीकडे नीट विखुरलेत का, की एका जागी दाटी आणि दुसरीकडे दुष्काळ आहे? आणि कातडीवर चढवलेलं रंगीत चित्र, म्हणजे टेक्श्चर, कुठे ताणलं गेलंय का? तपासणी याच क्रमाने करायची असते. सिल्हूट सुधारायचं तर त्रिकोण हलवावे लागतात आणि त्रिकोण हलले की टेक्श्चर पुन्हा बसवावं लागतं. ज्याने टेक्श्चरपासून सुरुवात केली, त्याचं काम हमखास दोनदा होतं.

हे एका उदाहरणावर बघू. समजा, एका मोबाइल गेममध्ये पहाटेच्या गावातली गल्ली आहे आणि त्या गल्लीतून वासुदेव येतो. डोक्यावर मोरपिसांची उंच निमुळती टोपी, अंगात घोळदार अंगरखा, खांद्यावर उपरणं, काखेला झोळी, एका हातात टाळ, दुसऱ्या हातात चिपळ्या. मॉडेलरला दिलेली मर्यादा आहे पंधराशे त्रिकोण आणि ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं एक टेक्श्चर. त्याने पाठवलेल्या मॉडेलमध्ये त्रिकोण भरतात २,१४०. सहाशे चाळीस जास्त. पण नुसतं ‘कमी करा’ असं सांगून काही होत नाही. कुठले कमी करायचे हे सांगणं म्हणजे तपासणी.

आधी एक मोजमाप

काहीही बघण्याआधी एक आकडा हाताशी हवा: गेममध्ये हे पात्र पडद्यावर केवढं दिसणार? फोन आडवा धरला की पडद्याची उंची साधारण १,०८० पिक्सेल असते आणि आपला वासुदेव तिचा पाचवा हिस्सा व्यापतो, म्हणजे सुमारे २२० पिक्सेल. टोपीसकट त्याची उंची धरली आहे २२० सेंटीमीटर. हिशेब सोपा झाला: त्याच्या अंगावरचा एक सेंटीमीटर म्हणजे पडद्यावरचा एक पिक्सेल. एक वेगळा प्रसंगही आहे. खेळणारा वासुदेवाशी बोलायला थांबला की कॅमेरा जवळ जातो आणि कमरेपासून वरचा भाग तिप्पट मोठा दिसतो. तिथे एक सेंटीमीटर म्हणजे तीन पिक्सेल.

पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या दोन आकड्यांवर उभा आहे. मॉडेलर आपलं काम दिवसभर पडदाभर मोठं करून बघत असतो. त्याला बोटांची पेरं दिसतात, पिसांच्या कडा दिसतात. खेळणाऱ्याला त्यातलं फारसं काही दिसत नाही. दोघांच्या नजरेतलं हे अंतर हेच बहुतेक चुकांचं मूळ.

सगळं काळं करून बघणं

सिल्हूट तपासायची रीत जुनी आणि साधी आहे. मॉडेलवरचे सगळे रंग काढायचे, उजेड-सावली बंद करायची, पूर्ण आकृती सपाट काळी करायची आणि मागे पांढरा पडदा ठेवायचा. ब्लेंडर या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकाशाची पद्धत `Flat` ठेवून एकच काळा रंग निवडला की हे होतं. मग आकृती लहान करायची, गेममध्ये दिसेल तेवढीच, आणि पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांनी फिरवत आठ बाजूंनी बघायची.

या रीतीचं मोठं उदाहरण म्हणजे ‘टीम फोर्ट्रेस २’ हा वॉल्व्ह कंपनीचा २००७ सालचा गेम. त्यात नऊ प्रकारची पात्रं आहेत आणि धावपळीत समोरचा कोण आहे हे क्षणात कळलं नाही तर खेळणारा हरतो. त्या गेमच्या कलाकारांनी प्रत्येक पात्राची बाह्याकृती इतकी वेगळी केली की रंग किंवा चेहरा दिसण्याआधीच ओळख पटावी. आपल्या वासुदेवाला गोळ्या चुकवायच्या नाहीत, पण गल्लीत पाणी आणणाऱ्या बाया, गुराखी, शेतकरी अशी माणसं आहेत. त्यांच्यातून तो ओळखू यायलाच हवा.

काळ्या आकृतीत पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी की टोपी उत्तम काम करते. कुठल्याही बाजूने बघा, तो उंच शंकू वासुदेवाचं नाव सांगतो. पण दुसरी ओळख, टाळ-चिपळ्या, पार हरवली आहे. मॉडेलरने दोन्ही हात छातीपुढे धरले आहेत. रंगीत मॉडेलमध्ये पिवळा टाळ पांढऱ्या अंगरख्यावर छान दिसतो. काळ्या आकृतीत मात्र हात, टाळ आणि छाती यांचा एकच गठ्ठा होतो. समोरून बघितलं तर या माणसाला हात आहेत की नाहीत हेही कळत नाही. उपाय त्रिकोणांत नाही, ठेवणीत आहे. चिपळ्यांचा हात खांद्याच्या रेषेबाहेर आणि थोडा वर, टाळाचा हात कमरेशी पण शरीरापासून सुटा. दंड आणि बरगड्यांच्या मध्ये पांढरी फट दिसली पाहिजे. ती फट पडद्यावर तीन-चार पिक्सेल तरी हवी, म्हणजे प्रत्यक्षात तीन-चार सेंटीमीटर. याहून कमी ठेवली तर ती लांबून बुजते.

इथे नवशिके तपासनीस एक चूक करतात. मॉडेलर काम करताना पात्राचे हात तिरके बाजूला पसरून ठेवतो, कारण तशा ठेवणीत हाडांचा सांगाडा बसवणं सोपं जातं. त्या ठेवणीत सिल्हूट नेहमीच स्वच्छ दिसतं. तपासायचं असतं ते गेममधल्या ठेवणीत: चालताना, टाळ वाजवताना, वाकून भिक्षा घेताना.

तिसरी गोष्ट अंगरख्याच्या घेराची. खालची कड गोल वाटायला हवी, पण काळ्या आकृतीत तिला स्पष्ट कोपरे दिसतात. रंगीत मॉडेलमध्ये हे लक्षात येत नाही. का, हे समजायला १९७१ सालात जावं लागतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात आंरी गुरो हा फ्रेंच तरुण संशोधन करत होता. त्याने आपल्या पत्नीच्या, सिल्वीच्या, चेहऱ्यावर रेघा आखून त्याचे सपाट तुकडे मोजले आणि तो चेहरा संगणकात उतरवला. तुकड्यांच्या कोपऱ्यांवर उजेड किती हे काढायचं आणि मधल्या भागात तो हळूहळू मिसळत न्यायचा, ही त्याची युक्ती. त्यामुळे सपाट तुकड्यांचा चेहरा गुळगुळीत दिसू लागला. गेममधल्या पात्रांना आजही त्याच जातीच्या युक्तीने गुळगुळीत केलं जातं. पण ती युक्ती फक्त आतल्या भागावर चालते. बाहेरच्या कडेला मिसळायला पलीकडे काही नसतं, म्हणून कड खरी आहे तशीच, कोपऱ्या-कोपऱ्यांची दिसते. कमी त्रिकोणांचं सोंग कडेला उघडं पडतं, आणि म्हणून त्रिकोण वाढवायचेच असतील तर आधी कडेला वाढवावेत.

किती वाढवायचे याचंही गणित आहे. गोल कडेऐवजी सरळ बाजू जोडल्या की प्रत्येक बाजूच्या मध्याशी कड खऱ्या वर्तुळापासून थोडी आत सरकते. वर्तुळाची त्रिज्या r आणि बाजू n असतील तर ही तूट अशी निघते:

```
r × (1 − cos(180° / n))
```

अंगरख्याचा खालचा घेर दोन मीटर, म्हणजे त्रिज्या साधारण ३२ सेंटीमीटर. मॉडेलरने घेराला दहा बाजू दिल्या आहेत, त्यामुळे तूट येते दीड सेंटीमीटरच्या आसपास. गल्लीतल्या दृश्यात हा दीड पिक्सेल, जवळून पाच. डोळ्याला खुपतो. सोळा बाजू केल्या तर तूट सहा मिलिमीटरवर येते, आणि जवळूनही दोन पिक्सेलच्या आत राहते. आता हेच सूत्र दंडाला लावा. दंडाची त्रिज्या पाच सेंटीमीटर. तिथे फक्त सहा बाजू दिल्या तरी तूट सात मिलिमीटरहून कमी. सगळ्या गोल भागांना सारख्याच बाजू द्यायची सवय चुकीची ठरते ती यामुळे. मोठ्या घेराला जास्त बाजू लागतात, लहानाला कमी.

जाळं कुठे दाटलंय?

सिल्हूटवरचे शेरे लिहून झाले की दुसरी पायरी. आता मॉडेलवर त्रिकोणांच्या कडांचं जाळं दाखवायचं, ज्याला वायरफ्रेम म्हणतात, आणि पुन्हा आकृती गेममधल्या आकाराएवढी लहान करायची. जिथे कडा एकमेकींत मिसळून काळा डाग होतो, तिथे त्रिकोण वाया चाललेत. जिथे जाळीची मोठी भोकं दिसतात, तिथे कमी पडलेत. वासुदेवाच्या बाबतीत दोन्ही मुठी आणि टोपी काळीकुट्ट झाली. अंगरख्यावर मात्र जाळं विरळ.

मुठींचा हिशेब मांडू. मॉडेलरने पाचही बोटं सुटी, प्रत्येक बोटाला पेरं अशी केली आहेत. दोन हातांना मिळून ४२० त्रिकोण, म्हणजे एका मुठीला २१०. त्यातले निम्मे पलीकडच्या बाजूला असतात, समोर उरतात १०५. मूठ पडद्यावर दिसते साधारण दहा पिक्सेल रुंद आणि दहा उंच, म्हणजे शंभर पिक्सेल. एका पिक्सेलला एक त्रिकोण! दुसरीकडे अंगरखा. तो पडद्यावर साडेपाच हजार पिक्सेल व्यापतो आणि त्याला त्रिकोण आहेत २४०. समोरचे १२० धरले तर एकेका त्रिकोणाच्या वाट्याला पंचेचाळीस पिक्सेल येतात.

अतिबारीक त्रिकोणांचं नुकसान फक्त मोजणीत होतं असं नाही. फोनमधली ग्राफिक्स चिप पिक्सेल एकेकटे रंगवत नाही, दोन बाय दोनच्या चौकटीत रंगवते. त्रिकोण एकाच पिक्सेलएवढा असला तरी चारांचं काम होतं आणि तिघांचं फेकून दिलं जातं. शिवाय असा त्रिकोण पात्र हललं की एका क्षणी पिक्सेलच्या मध्यावर येतो, दुसऱ्या क्षणी निसटतो. त्यामुळे तो भाग लुकलुकतो. वासुदेवाच्या टोपीत नेमकं हेच होतंय. मॉडेलरने मोरपिसं एकेक सुटी पट्टी करून लावली आहेत, ६४० त्रिकोण खर्चून. स्थिर चित्रात ती सुंदर दिसतात. चालायला लागला की टोपीची कड नुसती चमचमते.

टोपीचा उपाय असा: बारा बाजूंचा साधा शंकू, त्यावर पिसं चित्रातून, आणि कडेबाहेर डोकावणारी फक्त दहा-बारा ठळक पिसांची टोकं. दोनशे त्रिकोणांत हे बसतं. सिल्हूटला टोपीचा खडबडीतपणा हवा होता, तो या टोकांनी मिळतो. मुठींसाठी अंगठा आणि तर्जनी सुटी, उरलेली तीन बोटं एकत्र. बोट दीड सेंटीमीटर जाडीचं, म्हणजे गल्लीत दीड पिक्सेल आणि जवळून साडेचार. तीन बोटांमधल्या फटी चित्रातच रंगवल्या तरी भागतं. दोन्ही हात मिळून १८० त्रिकोणांत होतात.

वाचलेले त्रिकोण कुठे घालायचे? अंगरख्यात, पण तिथेही नुसती संख्या वाढवून उपयोग नाही. मॉडेलरने वरून खाली बारा आडवे पट्टे केले आहेत आणि घेराला दहा बाजू. बारा गुणिले दहा चौकोन, प्रत्येकाचे दोन त्रिकोण, म्हणून २४०. पट्टे जास्त, बाजू कमी, त्यामुळे खाली घेराजवळ प्रत्येक तुकडा आडवा लांबट झालाय. लांबट, चिंचोळे त्रिकोण उजेड नीट मिसळू देत नाहीत आणि कापड हललं की त्यांच्या कडांवर विचित्र घडी पडते. आठ पट्टे आणि सोळा बाजू केल्या तर २५६ त्रिकोणांत तुकडे चौरसाजवळ येतात आणि गोल कडेचा आधीचा प्रश्नही सुटतो. खांदा आणि गळ्यासाठी वर शंभर धरले की अंगरखा ३६० वर येतो.

‘सारखी घनता’ याचा अर्थ सगळीकडे तंतोतंत सारखे त्रिकोण असा घेऊ नये. दोन जागी दाटी मुद्दाम ठेवतात. एक चेहरा, कारण जवळच्या दृश्यात नजर तिथेच खिळते. दुसरी सांधे. वासुदेव पूर्ण वेळ टाळ-चिपळ्या वाजवतो, म्हणजे कोपर सतत वाकतं. मॉडेलरने कोपराला एकच कडं दिलंय. त्यामुळे हात वाकला की आतल्या बाजूने चपटा होतो आणि दंडाची जाडी निम्मी होते. कोपराला तीन कडी हवीत: एक सांध्यावर, एक थोडं वर, एक थोडं खाली. बाहीचे त्रिकोण १२० वरून १८० वर गेले तरी ते सार्थकी लागतात. याउलट पाय. ते मॉडेलरने कमरेपर्यंत पूर्ण केले आहेत, पण अंगरख्याखाली गुडघ्याच्या वरचं कधीच दिसत नाही. तो भाग सरळ कापून टाकायचा.

याच पायरीत दोन छोट्या गोष्टी उरकून घ्याव्यात. काही तुकडे चारांहून जास्त बाजूंचे राहिलेले असतात. गेमचं इंजिन त्यांचे त्रिकोण स्वतःच्या मर्जीने पाडतं आणि खांद्यावर भलतीकडे तिरपी रेघ उमटते. काही तुकडे उलटे असतात, त्यांची बाहेरची बाजू आत. ब्लेंडरमध्ये `Face Orientation` चालू केलं की उलटे तुकडे लाल दिसतात. गेममध्ये हेच उलटे तुकडे अदृश्य होतात आणि झोळीला भोक पडल्यासारखं वाटतं.

चौकटींचं कापड

उरलं टेक्श्चर. सपाट चित्र त्रिमितीय आकारावर चढवण्याची पद्धत एडविन कॅटमल यांनी १९७४ साली, त्याच युटा विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात मांडली. पुढे पिक्सार कंपनी उभारणाऱ्यांपैकी हे एक. मॉडेलची कातडी ठरावीक शिवणींवर उसवायची, सपाट पसरायची आणि तिचा प्रत्येक बिंदू चित्राच्या कुठल्या बिंदूवर येतो हे नोंदवायचं. या नोंदीला यूव्ही म्हणतात. पसरताना एखादा भाग आकसला की तिथे चित्राचे थोडे पिक्सेल मोठ्या जागेवर ताणले जातात.

तपासायची रीत अशी: खऱ्या चित्राऐवजी चौकटींचं चित्र चढवायचं. ब्लेंडरमध्ये नवं चित्र घेताना `UV Grid` किंवा `Color Grid` निवडलं की ते तयार मिळतं. मॉडेलवर प्रत्येक चौकट चौरस दिसली पाहिजे, सगळ्या अंगावर साधारण एकाच मापाची दिसली पाहिजे आणि सुलटी दिसली पाहिजे. चौरसाचा आयत किंवा शंकरपाळ्याचा आकार झाला तर ताण आहे. चौकट मोठी दिसली तर तिथे चित्राचे पिक्सेल कमी आलेत, बारीक दिसली तर जास्त. `Color Grid` वर अक्षरं आणि आकडे असतात. ते उलटे दिसले तर तो भाग आरशातल्यासारखा पालटलाय. यूव्हीच्या खिडकीत `Display Stretch` नावाची सोयही आहे. तिच्यात ताण नसलेला भाग निळा आणि जास्त ताणाचा लाल दिसतो.

वासुदेवाच्या टोपीवर चौकटी समोरून अगदी चौरस आहेत आणि बाजूंना आडव्या फाकलेल्या. यावरून मॉडेलरने काय केलं हे ओळखता येतं: त्याने टोपी फक्त समोरून बघून सपाट केली. समोरच्या भागाला पूर्ण जागा मिळाली. बाजूचा भाग समोरून अरुंद दिसतो, म्हणून त्याला चित्रात चिंचोळी पट्टी आली. परिणाम असा की समोरच्या पिसावरचा डोळा गोल आणि कानावरचा आडवा फराटा.

टोपीच्या बाबतीत हा दोष माफ करण्याजोगा नाही, कारण शंकू हा अजिबात न ताणता सपाट होणारा आकार आहे. शेंगदाण्याची पुडी उलगडली की कागदावर एकही सुरकुती राहत नाही, तसंच. मागच्या बाजूने टोकापासून काठापर्यंत एक उभी शिवण द्यायची आणि शंकू उलगडायचा, की पंखा मिळतो. टोपीच्या काठाची त्रिज्या १२ सेंटीमीटर आणि उंची ४५ धरली तर हा पंखा सुमारे ९३ अंशांचा होतो, म्हणजे जवळजवळ पाव वर्तुळ.

काही मॉडेलर इथे युक्ती करतात. पंखा चित्रात वेडावाकडा बसतो आणि कोपरे वाया जातात, म्हणून ते त्याला ओढून सरळ आयत करतात. मग पिसं उभी सरळ रंगवता येतात आणि टोकाकडे ती आपोआप अरुंद होतात. कल्पना चांगली वाटते, पण शंकूवरचा प्रत्येक तुकडा वर अरुंद आणि खाली रुंद असतो. तो आयतावर बसवला की त्याचे दोन्ही त्रिकोण वेगवेगळ्या प्रमाणात ताणतात आणि मधल्या तिरप्या कडेवर चित्र मोडतं. पिसाची सरळ दांडी वळणं घेत वर जाते. पट्टे पुष्कळ असतील तर हे जाणवत नाही, चारच पट्ट्यांच्या टोपीवर मात्र लगेच दिसतं. म्हणून इथे पंखाच ठेवायचा आणि उरलेल्या कोपऱ्यांत टाळ-चिपळ्या बसवायच्या.

डोकं हा शंकूच्या उलट प्रकार. दोन्ही दिशांनी गोल असलेला पृष्ठभाग न ताणता सपाट होऊच शकत नाही. गाउस या जर्मन गणितज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी हे सिद्ध करून ठेवलंय आणि पृथ्वीचे नकाशे बिघडतात तेही याच कारणाने. म्हणून डोक्यावरच्या तांबड्या छटेला दोष म्हणायचं नाही. बघायचं एवढंच की तो ताण टोपीखाली, कानामागे, मानेवर गेलाय का. कपाळ आणि गालांवरच्या चौकटी चौरस असल्या की पुरे.

आता चौकटींचं माप. वासुदेवाच्या तळहातांवर चौकटी अगदी बारीक आहेत आणि अंगरख्यावर थोराड. सॉफ्टवेअरवर सोपवलेल्या मांडणीत असं झालेलं वरचेवर दिसतं. पूर्ण पात्राचं क्षेत्रफळ साधारण चार चौरस मीटर आहे आणि ५१२ च्या चित्रातली सत्तर टक्के जागा वापरात येते असं धरलं तर दर सेंटीमीटरला सुमारे दोन पिक्सेल मिळतात. गल्लीतल्या दृश्याला एक पुरतो, जवळच्याला तीन लागतात. अंगरख्याला दोन चालतील, चेहऱ्याला चार द्यायचे. डोकं आकाराने लहान, त्यामुळे दुप्पट बारकावा देऊनही चित्रातला दहावा हिस्साही खर्च होत नाही. तळहातांवरचे जादा पिक्सेल काढून ते चेहऱ्याला मिळतात.

पालटलेल्या भागांचा शेवटचा मुद्दा. जागा वाचवायला मॉडेलर शरीराची एकच बाजू पसरवतो आणि दुसरीवर तीच आरशासारखी वापरतो. बाह्या, पाय, पावलं यांना हे चालतं. पण अंगरख्याचे बंद एकाच बाजूला असतात. छाती पालटून वापरली तर वासुदेवाला दोन्हीकडे बंद फुटतात. म्हणून छातीला पूर्ण जागा द्यायची, आणि त्याबदल्यात पाठीवर कसर करायची. चित्रातल्या सुट्या तुकड्यांमध्ये चार पिक्सेलची मोकळी जागाही ठेवायला हवी, कारण पात्र दूर गेलं की इंजिन चित्राच्या छोट्या आवृत्त्या वापरतं आणि शेजारच्या तुकड्याचा रंग कडेवर उतरतो. पाव आकाराच्या आवृत्तीत चारांचा एकच पिक्सेल उरतो. तेवढा तरी पाहिजे.

शेरा कसा लिहायचा

तपासणीचा कागद मॉडेलरच्या हाती जातो तेव्हा त्यात ‘टोपी नीट करा’ असं लिहिलेलं असून भागत नाही. कुठला भाग, काय दिसलं, का खटकलं आणि काय करावं, या चार गोष्टी प्रत्येक शेऱ्यात हव्यात. उदाहरणार्थ: ‘अंगरखा, खालची कड. सगळ्या बाजूंनी कोपरे दिसतात, जवळच्या दृश्यात पाच पिक्सेल. घेराला सोळा बाजू, उंचीला आठ पट्टे करावे.’ किंवा: ‘टोपी, कानावरचा भाग. चौकटी आडव्या ताणल्या आहेत. मागे एक शिवण देऊन पंख्यासारखी उलगडावी.’ शेऱ्यांचा क्रम तोच: सिल्हूट, त्रिकोण, टेक्श्चर. आधीचे शेरे पुरे होईपर्यंत पुढच्याला हात लावू नये, असंही वर लिहून टाकावं.

सुधारलेलं मॉडेल परत आलं की सगळं पुन्हा तपासायचं आणि या वेळी हालचालीसह. स्थिर असताना स्वच्छ वाटणारी काख हात वर गेला की ताणतेच. आपल्या वासुदेवाचा चिपळ्यांचा हात खांद्याच्या वर फारसा जात नाही, म्हणून काखेतला थोडा ताण राहू द्यायचा. आणखी तीस त्रिकोण घालून तो घालवता येईल, पण ते टोपीच्या कडेवरून काढावे लागतील आणि टोपी सगळ्यांना दिसते. मानेमागचा ताणही तसाच राहतो, उपरण्याखाली झाकलेला. बंदाची गाठ चित्रात किंचित पसरट आली असेल तर मात्र मॉडेल परत पाठवायचं, कारण संवादाच्या दृश्यात कॅमेरा नेमका तिच्यासमोर थांबतो.

पंधराशे त्रिकोणांत निर्दोष माणूस होत नाही. तपासणाऱ्याने मंजुरी देताना राहिलेल्या दोषांची यादीही लिहून ठेवावी: काख, मान, तीन जोडलेली बोटं. उद्या गेममध्ये वासुदेवाने हात उंचावून नाचायचं ठरलं, तर आधी कुठे बघायचं हे त्या यादीवरून कळतं.